गरोदरपणातील रक्तदाब : घरी मोजताना

गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा हे सालेकसा तालुक्यातील, छत्तीसगडच्या सीमेलगतचे जंगलपट्ट्यातील गाव. अशा गावातील गर्भवतीस अवघड प्रसंगी गोंदियाचे बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय गाठायचे तर वेळ लागतो. म्हणूनच दोन तपासण्यांच्या मधल्या काळात घरी मोजलेला रक्तदाब उपयोगी पडतो. मात्र तो बिनचूक मोजलेला हवा.

यंत्र दंडावर पट्टा बांधण्याचे असावे, मनगटाचे नको. शक्यतो गर्भवतींसाठी तपासून प्रमाणित केलेले यंत्र घ्यावे आणि आरोग्य केंद्रात नेऊन तेथील यंत्राशी ताडून पाहावे. दंडाच्या मानाने पट्टा लहान असल्यास आकडा खोटा वाढतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये, लघवीस जाऊन यावे आणि पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर सपाट व पाय एकमेकांवर न ठेवलेले असावेत. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटे वर बांधावा आणि हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा. हात खाली लोंबता राहिला तर आकडा सुमारे दहापर्यंत वाढू शकतो. मोजताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहावेत.

समजा, आठव्या महिन्यातील एका स्त्रीने विहिरीवरून पाणी आणताच रक्तदाब मोजला व तो १४६/९२ आला. विश्रांतीनंतर, नीट बसून मोजल्यावर तो १२६/७८ भरला, तर पहिला आकडा श्रमाचा होता. पण पुन्हा १४४/९२ आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. १४० किंवा ९० यांपैकी एकच आकडा ओलांडला तरी हाच नियम. १३५/८५ च्या वर आकडा वारंवार येत असल्यास तेही कळवावे.

वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला, तर पंधरा मिनिटांत पुन्हा मोजावे. तो तसाच राहिल्यास १०८ किंवा १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली वेदना, चेहऱ्यावर अचानक सूज किंवा धाप ही लक्षणे असतील, तर दुसऱ्या मोजणीची वाट पाहू नये. ही प्रीएक्लॅम्प्सियाची चिन्हे असू शकतात. या विकारात रक्तदाब विसाव्या आठवड्यानंतर वाढतो, बहुधा लघवीतून प्रथिने जातात आणि पुढे झटके येऊ शकतात. आकडा ठीक असूनही ही लक्षणे दिसल्यास किंवा बाळाची हालचाल मंदावल्यास तातडीने दवाखाना गाठावा.

गोळ्या स्वतःहून सुरू वा बंद करू नयेत. हा धोका बाळंतपणानंतरही काही आठवडे राहतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यास वही तोपर्यंत चालू ठेवावी.