तळहाताची लुडबुड

पाटीवर लिहिताना आपला तळहात पाटीवरच टेकलेला असतो, आणि पाटीला त्याचे काही वाटत नाही. टॅबलेटला मात्र वाटते. पुण्यात एका शिक्षकमित्राचे टिपण आम्ही पाहत बसलो होतो. शब्द लिहून झाला, शिरोरेघ द्यायला हात उचलून डावीकडे नेला, आणि पान एकदम मोठे झाले. दुसऱ्यांदा तर शेवटचा शब्दच पुसला गेला.

गंमत अशी, की ही अडचण सुरुवातीच्या एका टॅबलेटला नव्हतीच. १९६४ साली अमेरिकेतल्या रँड संस्थेत डेव्हिस आणि एलिस यांनी सुमारे दहा इंच चौरस फळी तयार केली. तिच्यात इंचाला शंभर या हिशेबाने बारीक तारांची जाळी होती. तारांमधून विद्युत्-स्पंद जात आणि ते टिपायचे काम लेखणी करी. हात काहीच टिपत नसल्याने तो कोठेही ठेवला तरी चाले.

पुढे बोटाने चालणारे पडदे आले आणि घोळ सुरू झाला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी आलेल्या पहिल्या ‘आकाश’ टॅबलेटचा पडदा दाबाचा होता. त्यात दोन थर एकमेकांना टेकले की जागा कळते. पण लेखणी आणि तळहात असे दोन्ही टेकले, तर पडद्याला दोन जागा न दिसता मधलाच कुठलातरी एक बिंदू दिसतो. रेघ हाताकडे ओढली जाते. मुंबईच्या आय. आय. टी.च्या पुढाकाराने नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या ‘आकाश २’चा पडदा विद्युत्-धारिता मोजणारा होता. त्याला अनेक स्पर्श वेगवेगळे कळतात, पण बोट कोणते आणि तळहात कोणता हे त्याला आपोआप कळत नाही. रबरी टोकाची साधी लेखणी तर त्याच्या लेखी बोटच.

यावर तोडगा जुनाच निघाला. पडद्यामागे लेखणीसाठी वेगळी जाळी बसवायची. लेखणीतले वेटोळे साधारण एक सेंटिमीटर अंतरावरूनच तिला जाणवते. लेखणी जवळ आहे तोवर बाकीचे स्पर्श विसरायचे.

मग आमच्या मित्राचे काय बिनसले? रोमन लिपीत हात बहुधा उजवीकडे सरकत जातो. आपण शब्द संपवून मागे येतो. हात उचलताना लेखणी त्या सेंटिमीटरच्या बाहेर जाते आणि परतताना आधी टेकतो तो तळहात. तोही दोन ठिकाणी: करंगळीचे पेर आणि हाताची कड. दोन स्पर्श एकमेकांपासून लांब सरकले, तर यंत्र समजते की पान मोठे करायचे आहे. दोन्ही टेकून लगेच उचलले गेले, तर काही टिपणवह्यांत ती ‘मागचे रद्द करा’ ही खूण असते. लेखणी जवळ येईपर्यंत हुकूम बजावून झालेला असतो.

खात्री करणे सोपे आहे. बोटाचे काम बंद करून फक्त लेखणी चालू ठेवावी आणि तोच शब्द दहा वेळा शिरोरेघेसह लिहावा. उड्या थांबल्या तर दोष तळहाताचा. तरीही रेघ तुटत असेल, तर लेखणीचे टोक किंवा तिची बॅटरी पाहावी. आमच्या मित्राच्या उड्या थांबल्या. आता पान सरकवायला त्याला दर वेळी कडेची पट्टी लेखणीने ओढावी लागते, आणि त्याबद्दल तो कुरकुरतो.