आपली नोंद आपणच पास करायची नाही

एका सहकारी बँकेच्या शाखेत घडलेली गोष्ट. कुणीतरी विचारलं, "मॅडम, शाखेच्या प्रमुख तुम्ही, मग तुमची एंट्रीसुद्धा सिस्टीम दुसऱ्याच्या मंजुरीसाठी का अडवून ठेवते?" त्यावर मॅनेजरबाईंनी सगळ्यांना बसवून उत्तर दिलं.

"समजा, 1243 ऐवजी मी 1234 या खात्यात 18,000 रुपये जमा केले. नावे 18,000, जमा 18,000. संध्याकाळी टॅली चोख जमते! टॅली फक्त दोन्ही बाजू सारख्या आहेत एवढंच सांगते. पैसे योग्य माणसाला गेले का, हे कळायला दुसऱ्या कुणीतरी व्हाउचर हातात घेऊन स्क्रीनवरचं नाव वाचावं लागतं. मीच परत वाचलं, तर मला जे लिहायचं होतं तेच दिसणार."

हा नियम संगणकाच्या आधीचा आहे. खतावणीत क्लार्क नोंद करायचा, अधिकारी व्हाउचरशी ताडून सही करायचा. तिजोरीच्या किल्ल्याही दोघांकडे असायच्या, आजही असतात. संगणक वेगळं काही करत नाही. नोंद करणारा आणि पास करणारा यांचे यूजर आयडी एकच असतील तर तो नकार देतो. पद किती मोठं, हे तो बघत नाही.

पद बघून सूट दिली की काय होतं, हे बेरिंग्ज बँकेनं दाखवलं. 1762 सालची ही लंडनची बँक. तिच्या सिंगापूर कार्यालयात निक लीसन सौदेही करायचा आणि त्या सौद्यांचा हिशेबही त्याच्याच हाताखाली होता. तोटे तो 88888 या खात्यात लपवत गेला. ही दोन कामं वेगळी करा, असं अंतर्गत तपासणीनं 1994 मध्ये सुचवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही. फेब्रुवारी 1995 मध्ये बँक बुडाली, तोटा सुमारे 82.7 कोटी पौंडांचा. डच कंपनी आयएनजीनं ती एका पौंडाला घेतली.

बाईंनी एक मर्यादाही सांगितली. दोघं संगनमतानं वागले तर हा नियम काही करू शकत नाही. आणि एकानं दुसऱ्याला पासवर्ड सांगितला की दोन माणसं कागदावरच उरतात. तेही सापडतं म्हणा. दिवसभर नोंद आणि मंजुरी यांत दोन-चार सेकंदांचंच अंतर असेल, तर व्हाउचर कुणी वाचलेलंच नाही. मस्टरवर रजा असलेल्या माणसाच्या आयडीनं मंजुरी पडली असेल, तर विचारायलाच नको.

"मग दुसरे अधिकारी रजेवर असतील तेव्हा?" हा शेवटचा प्रश्न.

"तर हेड ऑफिसकडून दुसरा अधिकारी मागवायचा. तोवर माझी एंट्री थांबेल," बाई म्हणाल्या, "आणि ग्राहकाला ते मी स्वतः सांगेन."