कुटुंब... पुढे काय? मुळशीतल्या एका भिंतीचं वाचन

हिंजवडीत काम करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसच्या पत्त्यात 'तालुका मुळशी' असं लिहिलेलं असतं. पण मुळशी म्हटलं की आपल्याला आठवतं ते धरण, ताम्हिणी घाट आणि पावसाळ्यातलं ट्रॅफिक. पौडवरून धरणाकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं, की अजून काही जुनी घरं दिसतात. खाली दगडी जोतं, वर विटांची भिंत, त्यावर चुन्याचा गिलावा आणि गिलाव्याला पडलेली भगदाडं. अशाच एका घराच्या पूर्वेकडच्या भिंतीवर मला एक फिकट लाल त्रिकोण सापडला. टोक खाली, पाया वर. त्याच्या शेजारी 'कुटुंब' हा शब्द, आणि पुढे बरंच काही जे वाचता येत नव्हतं.

पूर्वेकडची भिंत हा योगायोग नाही. इथे पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो, आणि पौडहून घाटाकडे जावं तसा तो झपाट्याने वाढतो. झडीचा मारा पश्चिमेच्या भिंतीवर होतो. तिथला रंग टिकत नाहीच, शिवाय बरेच लोक त्या बाजूला पत्रे किंवा प्लॅस्टिक लावून टाकतात. त्यामुळे जुनी रंगवलेली जाहिरात शोधायची असेल तर पूर्वेची नाहीतर उत्तरेची भिंत बघावी, आणि तीसुद्धा पाख्याखालची वरची बाजू. खालचे दोन-तीन फूट पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी धुतलेले असतात.

लाल त्रिकोण सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडं सांगतो. १९६०च्या दशकात केंद्र सरकारच्या कुटुंब नियोजन खात्यात धर्मेंद्र कुमार त्यागी (दीप त्यागी म्हणून ओळखले जाणारे) प्रचाराचं काम बघत होते. ही खूण देशभर पोचली ती त्यांच्या काळात. विचार साधा होता. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळलं पाहिजे, आणि कुठल्याही गावातल्या पेंटरला न चुकता काढता आलं पाहिजे. तीन रेघा आणि एक रंग, बास. सोबत आई, वडील, मुलगा, मुलगी असे चार चेहरे आणि 'दो या तीन बच्चे, बस' ही घोषणा असायची. 'हम दो, हमारे दो' नंतर आलं. टीव्ही नव्हता, रेडिओ सगळ्यांकडे नव्हता; भिंत मात्र प्रत्येक गावात होती.

आता मूळ प्रश्न. 'कुटुंब'च्या पुढे काय? दोनच शब्द शक्य आहेत: 'नियोजन' किंवा 'कल्याण'. आणि यातला कुठला आहे यावरून भिंतीचा काळ कळतो. १९७७ सालापर्यंत या कार्यक्रमाचं नाव कुटुंब नियोजन होतं. त्या वर्षी आलेल्या जनता सरकारने ते बदलून कुटुंब कल्याण केलं. म्हणजे 'कल्याण' लिहिलेलं असेल तर भिंत १९७७ किंवा त्यानंतर रंगवलेली आहे. उलट मात्र म्हणता येत नाही. लोकांच्या तोंडात 'नियोजन'च राहिलं, ऑपरेशनला आजही तेच म्हणतात. त्यामुळे नुसतं 'नियोजन' दिसलं म्हणून भिंत १९७७च्या आधीची ठरत नाही.

वाचताना अडचण कुठे येते ते बघा. ही अक्षरं साधारण फूटभर उंच आहेत. वीट आणि तिच्या वरचा सांधा मिळून तीन इंचांच्या आसपास एक थर होतो, म्हणजे एका अक्षराखाली चार थर आले. गिलावा सुटतो तो आधी विटेच्या तोंडावरून, कारण तिथे त्याला धरायला काही नसतं. सांध्याच्या खाचेत मात्र तो अडकून बसतो. परिणाम असा, की पडझड झालेल्या भागात अक्षराच्या जागी आडव्या पांढऱ्या पट्ट्या उरतात आणि त्या पट्ट्यांवर रंगाचे छोटे तुकडे. अक्षराची गाठ, गोलाई, पोट हे सगळं विटेच्या तोंडावर होतं, ते गेलं. पण उभी रेघ प्रत्येक पट्टीवर आपला एकेक ठिपका सोडून जाते. हे ठिपके वरून खाली जोडले की अक्षराचा दंड परत मिळतो.

देवनागरीच्या बाबतीत हे नशीबच म्हणायचं, कारण आपल्या अर्ध्याहून जास्त अक्षरांना दंड आहे. शिवाय त्यांची संख्या शब्दागणिक वेगळी असते. 'नियोजन'मध्ये मोजून बघा: वेलांटीचा एक, न चा एक, य चा एक, त्याच्या मात्रेच्या कान्याचा एक, ज आणि न चे एकेक. एकूण सहा. 'कल्याण'मध्ये क चा मधला एक, अर्ध्या ल ला दंड नाही, य चा एक, काना एक, आणि ण चे दोन. एकूण पाच. त्याहून पक्की खूण शिरोरेषेच्या वर आहे. 'नियोजन'च्या डोक्यावर दोन गोष्टी येतात, वेलांटीची कमान आणि ओकाराची मात्रा. 'कल्याण'च्या डोक्यावर काहीच येत नाही. म्हणजे अक्षरं अजिबात वाचता आली नाहीत तरी शिरोरेषेच्या वर रंग आहे की नाही, एवढ्यावर निकाल लागू शकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर पूर्ण स्ट्रिंग मिळाली नाही तरी चेकसम जुळवता येतो. :)

पण इथे एक मोठा सापळा आहे. या भिंतीवरचा लाल रंग म्हणजे गेरू. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, म्हणून तो उन्हाने विटत नाही आणि म्हणूनच इतकी वर्षं टिकला. पण भाजलेल्या विटेचा लाल रंगसुद्धा त्याच लोहाच्या ऑक्साइडचा! म्हणजे जिथे गिलाव्याचा उभा टवका उडून आतली वीट दिसते, तिथे फोटोत हुबेहूब एक दंड तयार होतो. फोटो प्रोसेस करून हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. साधारणपणे आपण असं करतो:

```
magick bhint.jpg -channel B -separate +channel -normalize b.png
```

निळ्या चॅनेलमध्ये लाल रंग काळा पडतो आणि चुना पांढरा राहतो, त्यामुळे फिकट गेरू छान उठून येतो. पण वीटही तितकीच काळी दिसते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकच.

फरक दिसतो तो रंगात नाही, उंचीत. गेरू चुन्याच्या पृष्ठभागावर असतो, वीट त्याच्या अर्धा इंच आत. सकाळी सूर्य जरा वर आला आणि उजेड भिंतीला घासून तिरपा पडायला लागला की टवक्याच्या कडेला सावली पडते, गेरूच्या रेघेला पडत नाही. शिवाय ब्रशच्या रेघेची रुंदी वरपासून खालपर्यंत सारखी असते. टवक्याची कड वेडीवाकडी असते आणि बऱ्याचदा विटेच्या सांध्यापाशीच थांबते. ज्या उभ्या खुणेला सावली आहे ती मोजायची नाही, एवढा नियम पाळला की खोटे दंड गळून पडतात. (भिंतीवर पाणी मारलं की रंग गडद दिसतो, हा उपाय बरेच जण सांगतात. चुन्यावरच्या गेरूला तो करू नका. सुटत आलेला थर पाण्याबरोबर खाली येतो.)

हे सगळं करून 'कुटुंब'च्या पुढचे दंड मोजले. पाच नाहीत, सहाही नाहीत. आठ निघाले. शिरोरेषेच्या वर एक कमान आणि एक मात्रा, दोन्ही स्पष्ट. म्हणजे 'नियोजन'. पण उजवीकडे गिलावा शाबूत असलेल्या जागी अक्खा ण दिसतो आहे, जो 'नियोजन'मध्ये कुठेच नाही. आणि त्या ण च्या पलीकडे, हातभर अंतरावर, एक एकटा दंड.

उत्तर एकच आहे. दोन्ही शब्द तिथे आहेत, एकावर एक. आधी 'नियोजन' लिहिलं होतं, चार अक्षरी आणि लांब. मग त्यावर चुन्याचा हात मारून 'कल्याण' लिहिलं, तीन अक्षरी आणि आखूड. वरचा चुना आता पोपडे होऊन सुटतो आहे आणि खालचा शब्द वर येतो आहे. तो एकटा दंड म्हणजे 'नियोजन'चा शेवटचा न. कोणता शब्द वरचा, हेही तपासता येतं. अर्धवट सुटलेल्या पोपड्याच्या बाहेरच्या तोंडावर ण ची रेघ आहे, आणि पोपडा जिथून गेला तिथे खाली ज. त्रिकोणाला आणि 'कुटुंब'ला मात्र एकच थर आहे. पेंटरने फक्त एक शब्द पुसला.

हा एक शब्द का पुसावा लागला? आणीबाणी जून १९७५ ते मार्च १९७७. त्यातल्या १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीची ऑपरेशनं झाली, बहुतेक पुरुषांची. शिक्षक, ग्रामसेवक अशा सरकारी माणसांना 'केसेस' आणायची टार्गेट्स होती. महाराष्ट्र तर एक पाऊल पुढे होता. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा अंमलात आला नाही. १९७७च्या निवडणुकीत इंदिरा गांधींचा पक्ष हरला, त्यात नसबंदीचा राग हे मोठं कारण होतं. पुढच्या वर्षी ऑपरेशनांचा आकडा १० लाखांच्या आत आला. 'नियोजन' हा शब्द ऐकला की लोक आरोग्य खात्याच्या माणसाला दारातूनच परत पाठवायचे, तर लसीकरण आणि बाळंतपणाचं काम कसं होणार? म्हणून 'कल्याण'.

घरातल्या आजींना विचारलं, ही जाहिरात कधीची? त्या म्हणाल्या, "सायकलीला डबे लावून पेंटर यायचा. आमाला कोन इचारतंय? भिंत रस्त्याला लागून, मग रंगवली." आणि मधला शब्द बदलला तेव्हाचं काही आठवतं? "ते नाय आठवत. पन त्या साली आमचे मालक चार दिस रानात होते, ते आठवतंय."

आता या वाचनाची मर्यादा. वरचा थर १९७७च्या आधीचा नाही, हे नक्की. खालचा त्याच्या आधीचा, हेही नक्की. पण वरचा १९७७चा की १९८५चा, हे ही भिंत सांगत नाही. नाव दिल्लीत बदललं म्हणजे मुळशीतल्या पेंटरने दुसऱ्या दिवशी ब्रश उचलला असं नसतं.

तुमच्या गावाकडे अशी भिंत असेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात, समोर उभं राहून, शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढून ठेवा, आणि तो पावसाळ्याआधी काढा. या भिंतीवर वरच्या चुन्याचा जो पोपडा आहे, ज्याच्यामुळे कोणता शब्द आधीचा ते कळलं, तो तळहाताएवढा आहे आणि खालून सुटलेला आहे. तो पडला की दोन शब्द राहतील, पण त्यांचा क्रम राहणार नाही.