दिसेल तेवढाच रस्ता

१/ मुंबई–पुणे हा चिंचवडवरून जाणारा जुना रस्ता चाकांच्या वाहतुकीला सलग खुला झाला तो १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील गाडीरस्त्याचे उद्घाटन केले तेव्हा. त्यावरून बैलगाडी माणसाच्या चालीने जाई. वळणापलीकडे काही आडवे असले तरी चार पावलांत थांबता येई. ‘पुढे किती दिसते?’ हा प्रश्न मोटारीने निर्माण केला.

२/ १९२७ मध्ये रस्तेविकासासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅ. मुकुंदराव जयकर, म्हणजेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. या समितीच्या शिफारशींतूनच १९३४ मध्ये ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही संस्था उभी राहिली आणि तिने पुढे या प्रश्नाला आकडे दिले.

३/ तिच्या १९७६ च्या मानकात ‘थांबण्याचे दृष्टिअंतर’ दोन भागांत मोजले आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत अडीच सेकंद, आणि त्यानंतर गाडी थांबेपर्यंतचे अंतर. ताशी ४० किमी वेगाला एकूण ४५ मीटर लागतात, ६० ला ८० आणि ८० ला १२० मीटर. वेग दुप्पट झाला की पहिला भाग दुप्पट होतो, दुसरा मात्र चौपटीहून कमी होत नाही.

४/ आता तळेगाव–चाकण रस्त्यावरची रात्र घ्या. कडेला दिवे न लावता ट्रेलर उभा आहे आणि समोरून वाहने येत असल्याने तुमचा दिवा खाली आहे. समजा, त्या उजेडात ४० मीटर दिसतात. ताशी ६० किमी वेगाने अडीच सेकंदांत गाडी सुमारे ४२ मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच दिसणारा रस्ता संपलेला असतो. येथे ताशी ४० सुद्धा किंचित जास्तच.

५/ वळणावर मीटर मोजता येत नाहीत. पण रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू पाहता येतो. तो पुढे सरकत असेल तर वळण उलगडते आहे. तो जागीच थांबला आणि आपण त्याच्याजवळ जाऊ लागलो, तर वेग तिथेच, वळणात शिरण्यापूर्वी, उतरवावा.

६/ चढाच्या माथ्यासाठी मानकाने चालकाचा डोळा १.२ मीटर उंचीवर आणि अडथळा अवघा १५ सेंटिमीटरचा धरला आहे. ट्रकचालक उंच बसतो, त्यामुळे माथ्यापलीकडचे त्याला थोडे आधी दिसते. पण वळणावरच्या भिंतीआडचे किंवा उसाआडचे त्याला काही अधिक दिसत नाही, आणि भरलेली गाडी थांबायला उशीर लागतो.

७/ अरुंद दुहेरी रस्त्यावर मानक हेच अंतर दुप्पट मागते, कारण समोरूनही कोणी तेवढ्याच वेगाने येत असतो. म्हणून तेथे, दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता येईल इतकाच वेग आपला.