फाईल उघडण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एका जर्नलकडून मेल आला. त्यांच्याकडे आलेला एक पेपर तपासून द्याल का, असं विचारलं होतं. मी नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहतो सोमाटणे फाट्याला. कॉलेजात असताना एका पेपरवर माझं नाव लागलं होतं, त्यावरून संपादकांनी मला शोधलं असणार. विषय होता चिखलाने माखलेल्या नंबरप्लेटा कॅमेऱ्यातून कशा वाचायच्या. आमच्याकडे पावसाळ्यात टोलनाक्यावरून जाणाऱ्या ट्रकांची मागची पाटी बघितली असेल, तर हा विषय किती खरा आहे ते कळेल. मी खूश होऊन लगेच होकार दिला आणि फाईल उघडली.

चौथ्या पानावर हात थांबला. एकाच गाडीचे पाच-सहा धूसर फोटो एकत्र करून त्यातून एक वाचता येण्यासारखा नंबर काढायचा, अशी लेखकांची कल्पना होती. माझ्या ऑफिसात आमची टीम दोन महिने नेमकं हेच करत होती. आम्ही एका ठिकाणी अडकलो होतो आणि ते कसं सोडवायचं हे या लोकांनी पाचव्या पानावर लिहिलेलं असणार, एवढं मला चौथ्या पानावरच कळलं.

याला कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतात. ज्याचा निवाडा करायचा त्यात आपलाच फायदा-तोटा अडकलेला असणं. अशा वेळी समीक्षकाने बाजूला व्हायचं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण 'का' ते मला नीट समजलं ते एक जुनी गोष्ट खोलात जाऊन वाचली तेव्हा. ती घडली अमेरिकेत, आणि तिच्या मध्यभागी असलेला एक तरुण संशोधक मूळचा पुण्याचा होता.

१९७८चा नोव्हेंबर. हेलेना वाक्सलिख्ट-रॉडबार्ड ही तरुण डॉक्टर अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये जेसी रॉथ यांच्या प्रयोगशाळेत काम करत होती. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आजारात माणूस खाणं जवळजवळ सोडतो. अशा रुग्णांच्या रक्तपेशी इन्सुलिनला किती धरून ठेवतात, हे तिने मोजलं होतं. उपाशी शरीरात पेशी नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन पकडतात आणि रुग्ण पुन्हा खाऊ लागला की हे प्रमाण पूर्ववत होतं, असा तिचा निष्कर्ष. पेपर तिने न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला पाठवला.

अशा जर्नलचे संपादक एकट्याच्या मतावर निकाल देत नाहीत. त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे हस्तलिखित पाठवतात. लेखकाला त्यांची नावं कळत नाहीत. तेव्हा हा सगळा व्यवहार टपालाने चाले. एक प्रत गेली येल विद्यापीठातले नामांकित प्राध्यापक फिलिप फेलिग यांच्याकडे. फेलिग कामात बुडालेले. त्यांनी ती प्रत आपल्या हाताखालच्या सहकाऱ्याकडे दिली. मोठ्या प्रयोगशाळांत असं सर्रास चालायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. हा सहकारी म्हणजे पुण्याहून गेलेले विजय सोमण.

अडचण अशी की सोमण आणि फेलिग यांचाही त्याच विषयावर अभ्यास चालू होता. आजार तोच, प्रश्न तोच. फरक इतकाच की रॉडबार्डने लाल रक्तपेशी वापरल्या होत्या आणि यांनी मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी. म्हणजे समोरच्या पाकिटात प्रतिस्पर्ध्याचं न छापलेलं काम होतं. संपादकाला एक ओळ लिहून प्रत परत करायची, की गोष्ट तिथेच संपली असती. तसं झालं नाही. येलहून अभिप्राय गेला तो पेपर नाकारावा असा. बाकीच्या समीक्षकांची मतं वेगळी होती, त्यामुळे रॉडबार्डच्या पेपरचा निर्णय रखडला. सोमण यांनी दरम्यान तिच्या हस्तलिखिताची झेरॉक्स काढून ठेवली होती.

नकाराचं मत चुकीचं होतं की बरोबर, हा इथे मुद्दाच नाही. समजा फेलिग यांना तो पेपर प्रामाणिकपणे कच्चा वाटला असेल. तरी त्या मताचा उपयोग काय? ज्याला उशिराचा फायदा होणार, त्यानेच उशीर होईल असं मत दिलं. ते खरं असलं तरी विश्वास ठेवण्यासारखं राहत नाही. आणि संपादकाला हे कळायचा मार्गच नाही, कारण प्रयोगशाळेत सध्या काय शिजतंय हे फक्त समीक्षकालाच माहीत असतं. बाकीच्या बहुतेक चुका दुसरा कुणी पकडू शकतो. ही चूक होताना जवळजवळ एकट्या समीक्षकालाच दिसते.

पुढे जे घडलं ते सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, काहीही दाखवतात. सोमण आणि फेलिग यांनी आपला पेपर अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिनला पाठवला. तिथे फेलिग स्वतः संपादक मंडळात होते. त्या जर्नलने तो तपासायला पाठवला जेसी रॉथ यांच्याकडे. रॉथ यांनीही तेच केलं जे फेलिग यांनी केलं होतं, प्रत हाताखालच्या माणसाकडे दिली. तो माणूस म्हणजे रॉडबार्ड! तिने पानं उलटली आणि तिला स्वतःचीच वाक्यं दिसली. जशीच्या तशी, एकापेक्षा जास्त ठिकाणी. जे अजून कुठेही छापलेलं नव्हतं ते तिच्या समीक्षकाशिवाय कुणाच्या हातात असणार?

१९७९च्या सुरुवातीला तिने न्यू इंग्लंड जर्नलचे संपादक अर्नोल्ड रेलमन यांना दोन्ही हस्तलिखितांसह पत्र लिहिलं. तक्रारी दोन होत्या: वाक्यं चोरली, आणि हितसंबंध असताना समीक्षा केली. तिचा पेपर त्या जर्नलमध्ये एप्रिल १९७९ मध्ये छापून आला. रॉथ आणि फेलिग एकमेकांना फार जुने ओळखत होते. तिचा पेपर आधी आणि येलचा नंतर, अशी तडजोड झाली. बऱ्याच जणांच्या दृष्टीने विषय मिटला.

रॉडबार्डच्या दृष्टीने मिटला नाही. वाक्यं चोरणारा आकडेही खरे देत असेल कशावरून, असं तिचं म्हणणं होतं. ती पत्रं लिहीत राहिली आणि येलच्या डीनपर्यंत गेली. पण तपासणी लांबत गेली. त्याच वर्षी ती संशोधन सोडून हॉस्पिटलच्या नोकरीत गेली. येलचा पेपर जानेवारी १९८० मध्ये छापून आलासुद्धा.

फेब्रुवारी १९८० मध्ये बॉस्टनहून जेफ्री फ्लायर नावाचा तरुण डॉक्टर तपासणीला आला. त्याने फक्त एक साधी गोष्ट मागितली: रुग्णांच्या मूळ नोंदी दाखवा. पेपरमध्ये सांगितलेलं आणि वहीत असलेलं जुळेना. काही नोंदी सापडल्याच नाहीत. निकाल चांगले दिसावेत म्हणून आकड्यांना हात लावल्याचं सोमण यांनी त्याच दिवशी कबूल केलं. मग त्यांचे बाकीचे पेपर तपासले गेले आणि दहापेक्षा जास्त मागे घ्यावे लागले. सोमण यांना येल सोडावं लागलं. फेलिग नुकतेच कोलंबिया विद्यापीठात मोठ्या पदावर गेले होते, ते पद काही आठवड्यांतच गेलं. त्यांनी आकडे बदलले नव्हते. पण पाकीट त्यांच्या नावाने आलं होतं आणि पेपरवर त्यांचं नाव होतं.

ही गोष्ट वाचताना एक खडा दाताखाली येतो. येलचा पेपर रॉडबार्डकडे गेला तेव्हा तिचाही हितसंबंध होताच की. तीसुद्धा प्रतिस्पर्धीच होती. नियम काटेकोर पाळायचा, तर रॉथ यांनी ती प्रत न वाचता परत करायला हवी होती आणि मग चोरी कदाचित कधीच उघड झाली नसती. म्हणजे ज्या ढिलाईतून गुन्हा झाला, त्याच ढिलाईतून तो पकडला गेला.

यावर मी बराच विचार केला. माझ्या मते नियम यामुळे चुकीचा ठरत नाही. प्रत तिच्याच हातात पडली हा योगायोग होता आणि योगायोगावर व्यवस्था चालत नाही. शिवाय दोघांनी हातातल्या कागदाचं काय केलं ते बघा. येलमध्ये प्रतीची झेरॉक्स निघाली आणि संपादकाला काहीच कळवलं गेलं नाही. रॉडबार्डने सगळं संपादकापुढे मांडलं. हितसंबंध असणं हा गुन्हा नाही. छोट्या विषयात जगभर पंधरा-वीस माणसं काम करत असतील, तर जाणकार आणि प्रतिस्पर्धी ही बहुतेक वेळा तीच माणसं असतात. प्रश्न येतो तो लपवण्याचा. म्हणून आजचा संकेत असा आहे: थोडीफार ओळख किंवा जुना संबंध असेल, तर तो संपादकाला सांगा आणि त्याला ठरवू द्या. पण तुमचं स्वतःचं अगदी तसंच काम चालू असेल, तर विचारत बसू नका, सरळ नकार द्या. समीक्षकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ही परिस्थिती आज वेगळी नोंदवलेली आहे. हाताखालच्या कुणाला परस्पर प्रत देऊ नये, आधी संपादकाला विचारावं, हेही त्यांत आहे.

माझी चूक क्रमात होती. आमंत्रणाच्या मेलमध्ये पेपरचं नाव आणि सारांश असतो, तो एवढ्यासाठीच. सारांशात 'अनेक फोटो एकत्र करून' असं स्पष्ट लिहिलं होतं. मी तो नीट वाचला असता, तर फाईल उघडायची वेळच आली नसती. होकार देण्याआधी नकार देणं सोपं आहे. नंतर माघार घेणं अवघड, कारण वाचलेलं डोक्यातून पुसता येत नाही.

मी फाईल बंद केली. पाचवं पान वाचलं नाही. वाचायची इच्छा नव्हती असं म्हणणार नाही. संपादकांना चार वाक्यं लिहिली: माझ्या कंपनीत याच पद्धतीवर काम चालू आहे, म्हणून माघार घेतो. मी चौथ्या पानापर्यंत वाचलं आहे. फाईल डिलीट केली आहे, कुणाला पाठवलेली नाही. पेपर चांगला की वाईट याबद्दल मी काही म्हणणार नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण जाता जाता टाकलेलं 'तसा बरा आहे' किंवा 'विशेष नाही' हेही मतच असतं. कंपनीचं गुपित मात्र सांगावं लागलं नाही. काम चालू आहे एवढं पुरतं, ते कुठवर आलंय हे सांगायची गरज नसते.

अवघड भाग दुसऱ्या दिवशी होता. मीटिंगमध्ये आम्ही जिथे अडकलो होतो तोच मुद्दा निघाला. पहिल्या चार पानांवरून मला थोडा अंदाज आलेला होता. मी मॅनेजरला सांगितलं की अशा अशा कारणाने या मुद्द्यावर काही दिवस मी बोलणार नाही. पेपरचं नाव सांगितलं नाही. तो म्हणाला, "अरे, कुणाला कळणार आहे?"

खरंच कुणाला कळलं नसतं. येलमध्येही कळणार नव्हतं. आमच्या टीमने तो प्रश्न तीन आठवड्यांनी वेगळ्याच रस्त्याने सोडवला, माझ्याशिवाय. तो पेपर कुठे छापून आला का, ते मी अजून शोधलेलं नाही. छापून आला की पाचवं पान वाचेन.