मुंग्यांचा गंधमार्ग

मुंग्यांच्या वसाहतीत राणी अंडी घालते, हुकूम देत नाही. अन्न शोधण्याचे काम वांझ कामकरी माद्या करतात आणि अनेक जातींत वाट ठरते ती त्यांनी जमिनीवर सोडलेल्या गंधद्रव्यामुळे (फेरोमोन).

ही वाट कशी ठरते, हे ब्रुसेल्सच्या गॉस, आरों, देनेबुर्ग व पास्तील्स यांनी 1989 मध्ये अर्जेंटिनी मुंगीवर प्रयोग करून दाखवले. वारूळ आणि अन्न यांना जोडणाऱ्या पुलाला त्यांनी दोन फाटे ठेवले. एक दुसऱ्याच्या दुप्पट लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हींवर सारख्याच विखुरल्या. ही मुंगी जाता-येता दोन्ही वेळा गंध सोडते. आखूड फाट्यावरून गेलेल्या मुंग्या आधी परतल्या, म्हणून तिथे गंध आधी साचला. मागून येणाऱ्या मुंग्या जास्त गंधाकडे वळल्या, त्यांनी त्यात भर घातली आणि काही मिनिटांत बहुतेक रहदारी आखूड फाट्यावर आली. एकाही मुंगीने अंतर मोजले नव्हते.

मात्र आखूड फाटा अर्ध्या तासाने जोडला, तर मुंग्या लांब वाटेवरच अडकून राहिल्या. तिथला गंध लवकर विरत नाही, त्यामुळे चुकीची निवडही पक्की होते. काळी बागमुंगी (लेसियस नायजर) यातून बरीचशी सुटते: वाट भलत्या दिशेला जाते असे वाटले की ती अर्ध्यातून मागे फिरते. मुंग्यांची नक्कल करून आखूड वाट शोधणाऱ्या संगणकातील ‘मुंगी-पद्धती’त आभासी गंध मुद्दाम लवकर उडवला जातो, तो याच अडचणीवरचा उपाय होय.