वापरमुदत (खाद्यवेष्टनावरील)

वेष्टित खाद्यपदार्थ किती काळ चांगला राहील, हे सांगणारा वेष्टनावरील दिनांक. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार उत्पादन किंवा पॅकिंगचा दिनांक आणि ‘यूज बाय’ अथवा ‘एक्सपायरी’ दिनांक छापावा लागतो. ‘बेस्ट बिफोर’ छापणे ऐच्छिक आहे.

अर्थ : ‘बेस्ट बिफोर’ हा गुणवत्तेचा दिनांक आहे. त्यानंतर चव, वास किंवा कुरकुरीतपणा कमी होऊ शकतो, पण पदार्थ खाण्यास सुरक्षित असू शकतो. ‘यूज बाय’ आणि ‘एक्सपायरी’ हे एकाच अर्थाचे शब्द असून त्या दिनांकानंतर पदार्थाच्या गुणवत्तेची व सुरक्षिततेची खात्री धरता येत नाही आणि तो विकताही येत नाही. हे सर्व दिनांक न उघडलेल्या आणि सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या पाकिटासाठीच असतात.

उदाहरण : पिशवीतले पाश्चरीकृत दूध साधारण 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद तापवलेले असते. त्याने रोगजंतू मरतात, पण उष्णता सोसणारे काही जीवाणू उरतात. थंडीत त्यांची वाढ मंदावते, पण थांबत नाही, म्हणून मुदत थोड्या दिवसांची असते. पिशवी दुपारभर ओट्यावर राहिली, तर मुदतीच्या आतही दूध नासते. खोक्यातले यूएचटी दूध 135 अंशांच्या पुढे काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात बंद करतात, त्यामुळे ते फ्रीजबाहेर काही महिने टिकते. मात्र खोके उघडताच छापील दिनांक निरुपयोगी ठरतो. मग ते फ्रीजमध्ये ठेवून वेष्टनावर सांगितलेल्या दिवसांत संपवावे लागते.

दुर्लक्ष केव्हा चालते : बिस्किटे, पोहे, रवा, डाळी अशा कोरड्या पदार्थांत पाणी कमी असल्याने जंतू सहसा वाढत नाहीत. हवाबंद व कोरडे राहिलेले असे पाकीट ‘बेस्ट बिफोर’ उलटून काही आठवडे झाले, तरी बहुधा खाता येते. आधी बुरशी, कीड आणि खवट वास तपासावा. फरसाण सादळले तर फक्त चव जाते. खवटपणा म्हणजे त्यातील तेलाचे ऑक्सिडीकरण झालेले असते, आणि असे फरसाण टाकावे.

दुर्लक्ष केव्हा चालत नाही : पनीर, मांस, मासे, फ्रीजमधले तयार पदार्थ आणि बाळांचे अन्न यांचा ‘यूज बाय’ दिनांक पाळावाच. येथे वासावर विसंबता येत नाही. पदार्थ नासवणारे जंतू वास सोडतात, पण आजार देणारे जंतू वेगळे असतात. लिस्टेरियासारखा जीवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि त्याचा वास वा चव कळत नाही. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन भाजूनही पूर्ण जात नाही. फुगलेला डबा मुदतीत असला तरी, चव न पाहता टाकून द्यावा.